वाहक नव्हे, रुग्ण

"एका शब्दासाठी रेकॉर्ड सेक्शनला दीड पानाचं पत्र कशाला, मॅडम? फाईलवर खोडून सही केली असती तर भागलं नसतं का?"

नसते भागले. 'सिकलसेल वाहक', म्हणजे दोष अंगात आहे पण आजार नाही, हा शब्द एका मुलीच्या डिस्चार्ज कार्डावर मीच लिहिला होता, हे आधी सांगते. नागपुरात आमच्या वॉर्डात सिकलसेलचे रुग्ण रोजचेच, त्यामुळे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीचा अहवाल मी सवयीने वाचला: नेहमीचे हिमोग्लोबिन ए ५४ टक्के, सिकलसेलचे एस ३७ टक्के, म्हणजे वाहक. मुलगी ११ वर्षांची, २४ किलो वजनाची. तीनच आठवड्यांपूर्वी तिला दुसऱ्या रुग्णालयात दोन पिशव्या रक्त चढवलेले होते. ती नोंद जुन्या कागदांत होती आणि मी पाहिली नाही. अहवालातले 'ए' तिचे नव्हते, रक्तदात्यांचे होते. कामाच्या रेट्यात सुटले, असे मी बरेच दिवस स्वतःला सांगितले. पण वाहकाला सहसा रक्त लागत नाही आणि सांधे धरून रडण्याची वेळही येत नाही. एवढा प्रश्न पडायला कसली सवड लागते?

चार महिन्यांनी रात्री दोन वाजता आई तिला घेऊन कॅज्युअल्टीत आली. मांड्या आणि छाती दुखत होती. तिथल्या डॉक्टरांनी संगणकावर D57.3 हा वाहकाचा संकेतांक पाहिला आणि वेदनाशामक गोळी देऊन घरी पाठवले. त्यांना मी दोष देत नाही, त्यांनी माझ्या निदानावर विश्वास ठेवला. पहाटे ती परत आली तेव्हा ऑक्सिजन ८६ वर होता आणि एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसत होता. आईने प्लास्टिकच्या पिशवीतून घडी पडलेले कार्ड काढून माझ्यासमोर धरले. "तुम्हीच लिहिलं ना मॅडम, हिला आजार नाही म्हणून?" मला उत्तर देता आले नाही.

या वेळी रक्त चढवण्यापूर्वीच नमुना घेतला. ए जवळजवळ नव्हतेच, एस ८२ टक्के आणि उरलेले बहुतेक एफ, म्हणजे तान्ह्या बाळांत असते ते. ती वाहक नव्हे, रुग्णच होती. आईवडील दोघेही वाहक निघाले. मुलगी वाचली.

कागदावरची चूक एक आडवी रेघ, तारीख, वेळ आणि सही एवढ्याने दुरुस्त होते. संगणकातला संकेतांक मात्र रेकॉर्ड सेक्शनच बदलू शकते. म्हणून पत्रात लिहिले: "मूळ नोंद पुसू नये, ती वाचता येईल अशी ठेवून तिच्याखाली दुरुस्ती जोडावी. D57.3 ऐवजी D57.0 नोंदवावा. तपासणीच्या वेळी रक्त चढवून तीन महिने झालेले नव्हते, हे माझ्याकडून पाहिले गेले नाही." D57.0 हा आजाराचा संकेतांक. सोबत दोन्ही अहवाल आणि युनिटप्रमुखांची सही जोडली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा आजार येतो, वाहक येत नाही; जुन्या नोंदीवर तिला प्रमाणपत्रही मिळाले नसते.

पत्रातले शेवटचे वाक्य गाळा, असे मला वरिष्ठांनी सुचवले होते. ते ठेवले, याचे काय परिणाम होतील ते मला आजही सांगता येत नाही. संगणकातली नोंद बदलली. परंतु जुन्या कार्डाच्या झेरॉक्स शाळेत आणि गावच्या आरोग्य केंद्रात दिलेल्या आहेत, आणि त्या बदलून घेतल्या का, हे मी तिच्या आईला प्रत्येक भेटीत विचारते.