आमची वाटचाल : पहिल्या भागाची घोषणा आणि तिच्या खालच्या लिंक्स

आमची छोटी संस्था इतरांसाठी पॉडकास्ट तयार करून देते. ध्वनिमुद्रण, संपादन, होस्टिंग आणि ज्या फाइलवरून ॲप्स नवे भाग उचलतात त्या फीडची देखभाल ही कामे या व्यवसायातले सगळेच करतात, त्यामुळे त्यांच्याविषयी येथे फार लिहिणार नाही. नव्या पॉडकास्टचा पहिला भाग प्रसिद्ध झाल्यावर जी आठ-दहा ओळींची घोषणा करायची असते, ती मात्र बहुतेक ठिकाणी सर्वांत शेवटी, ज्याच्या हाताला त्या क्षणी काम नसेल त्याच्याकडून लिहून घेतली जाते. आम्ही ती पहिल्यापासून स्वतः लिहीत आलो आहोत. आमची संस्था एकदा बुडायच्या बेतात आली होती ती अशाच एका पोस्टमुळे; आणि ती पोस्ट आमची नव्हती, हे मला येथे स्पष्टपणे नोंदवायचे आहे.

तेव्हा एका मोठ्या ग्राहकाचा नवा पॉडकास्ट आमच्याकडे होता. ध्वनिमुद्रण आणि संपादन आमचे होते, फीडही आम्हीच उभा केला होता. नवा पॉडकास्ट ॲपलच्या सूचीत जाण्यापूर्वी तपासला जातो, हे या व्यवसायातल्या सर्वांना माहीत आहे. ती तपासणी कधी एका दिवसात होते, कधी त्याला जास्त दिवस लागतात, आणि ती होईपर्यंत पॉडकास्टचे सार्वजनिक पानच नसते, म्हणजे श्रोत्याला देण्याजोगी लिंकही नसते. म्हणून आम्ही पंधरा दिवस आधी मिनिटभराचा ट्रेलर प्रसिद्ध करतो, फीडमध्ये त्याच्या `itunes:episodeType` पुढे `trailer` असे लिहितो आणि त्याच्यासह पॉडकास्ट सूचीकडे पाठवतो. मग प्रत्यक्ष दिवस उजाडतो तेव्हा पान तयार असते, आणि पहिला भाग चढवला की त्याची लिंक मिळायला फार काळ लागत नाही. ग्राहकाला हे पटले नाही. ट्रेलर दिला तर उत्सुकता राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तारीख त्यांनी परस्पर जाहीर केली, आणि दोन दिवसांत सगळे करून देतो म्हणणाऱ्या दुसऱ्या एका संस्थेकडे घोषणेचे काम दिले.

ठरलेल्या सकाळी ती पोस्ट आली. पहिल्या ओळीत आनंद होत असल्याचे निवेदन, त्याखाली सूत्रसंचालकाचा परिचय, मग प्रायोजकांचे आभार आणि अगदी तळाशी लिंक्स. त्यांतली ॲपलची लिंक `podcastsconnect.apple.com` अशी सुरू होत होती. श्रोत्यांसाठीचा पत्ता `podcasts.apple.com` असतो; दुसरा पत्ता पॉडकास्टच्या मालकाने आत जाऊन व्यवस्था पाहण्यासाठीचा आहे. ज्याने तो कॉपी केला, त्याच्या संगणकावर तो बिनतक्रार उघडणारच, कारण तो आधीच लॉग-इन झालेला असतो. श्रोत्यासमोर मात्र पासवर्ड मागणारे पान येते. दुपारपर्यंत पोस्टखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात होता : ऐकायचे कुठे?

पुढे सूचीची मान्यता आली आणि लिंक बदलण्यात आली. पण ती बदलतानाही कोणीतरी पत्ता लांबलचक दिसतो म्हणून त्यातील प्रश्नचिन्हापासून पुढचा भाग कापून टाकला. स्पॉटिफायच्या लिंकमध्ये `?si=` पासूनचा भाग काढला तरी बिघडत नाही, कारण ती केवळ शेअर कोठून झाला हे कळण्यासाठीची खूण असते. ॲपलच्या लिंकमध्ये मात्र `?i=` नंतरचा क्रमांक हीच त्या भागाची ओळख असते. तो कापला, तर भागाऐवजी संपूर्ण पॉडकास्टचे पान उघडते. त्या ग्राहकाने पहिल्याच दिवशी तीन भाग एकदम प्रसिद्ध केले होते, त्यामुळे पानावर सर्वांत वर तिसरा भाग होता. पोस्ट पहिल्या भागाविषयी बोलत होती आणि लोक तिसरा ऐकत होते.

दोष आमच्यावर आला. फीडच बिघडलेला आहे, असे ग्राहकाला सांगण्यात आले. स्पॉटिफायवर तोच भाग त्याच सकाळी सुरळीत वाजत होता आणि फीडमधील ध्वनिफाइल कोणालाही उतरवून घेता येत होती. म्हणजे फीड ठणठणीत होता, हे आम्ही पुराव्यासह लिहून कळवले. उत्तर आले नाही, देयक अडकले, आणि आमचा फीड चालत नाही ही वार्ता आमच्यापेक्षा जलद सगळीकडे पोहोचली. आणखी काही ग्राहक गेले. भाड्याचा स्टुडिओ सोडावा लागला, एक चांगला मायक्रोफोन विकावा लागला. त्या पॉडकास्टचे पुढचे पर्व त्याच दुसऱ्या संस्थेला मिळाले. या गोष्टीला काळ लोटला आहे, तरी ती मला अजून बोचते, आणि बोचावी असेच ते प्रकरण होते.

अशा वेळी आमच्याबरोबर राहिले ते आमचे जुने ग्राहक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. आयुष्यभर लिफ्टची देखभाल आणि दुरुस्ती करून ते निवृत्त झाले होते. लिफ्टविषयीचा नवा पॉडकास्ट त्यांनी कोणाचेही न ऐकता आमच्याकडे सोपवला आणि रक्कम आगाऊ दिली. पहिल्या भागाच्या घोषणेचा कच्चा मसुदा त्यांनी स्वतःच लिहून आणला होता : “नमस्कार मित्रहो, उद्वाहन तंत्रज्ञान व सुरक्षितता या विषयावरील आमच्या नव्या पॉडकास्टचा पहिला भाग आपल्यापुढे सादर करताना अत्यंत आनंद होत आहे.” मजकूर लांबला की समाजमाध्यमे सुरुवातीच्या ओळी दाखवून बाकीचा झाकून ठेवतात. काकांच्या मसुद्यात त्या उघड्या ओळींमध्ये नमस्कार होता, आनंद होता, पण लिफ्ट कुठेच दिसत नव्हती.

पहिली ओळ आम्ही कधीही कल्पनेने लिहीत नाही. ती ध्वनिमुद्रणातून काढतो. मी बंद कानांचे हेडफोन लावून संपूर्ण भाग ऐकतो आणि जेथे हात आपोआप थांबतो, त्या वाक्याची वेळ वहीत टिपतो. काकांच्या भागात अशा दोन जागा होत्या. एक होती इलायशा ओटिसची गोष्ट : १८५४ मध्ये न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात उंच फलाटावर उभे राहून त्याने तो तोलणारा दोर कापायला लावला, आणि त्याच्या सुरक्षा-ब्रेकने फलाट जागीच धरून ठेवला. माझ्या सहकाऱ्याला हीच गोष्ट पहिल्या ओळीत हवी होती. दुसरी जागा काकांच्या स्वतःच्या बोलण्यात होती. लिफ्टला एकच दोर नसतो, अनेक असतात, आणि केबिनचा वेग मर्यादेबाहेर गेला की वेगावर नजर ठेवणारा गव्हर्नर सेफ्टी गिअर नावाचा ब्रेक ओढून तिला रुळांशी जखडतो, हे समजावून झाल्यावर ते म्हणाले होते, “दोर तुटण्याची भीती मला कधी वाटली नाही. दार उघडावे आणि समोर केबिन नसावी, ही भीती मात्र मी रोज बाळगली.”

मी दुसरी जागा निवडली. ओटिसची गोष्ट उत्तम आहे, पण ती कुठेही वाचायला मिळते. काकांची भीती फक्त त्या भागात होती. जी गोष्ट दुसरीकडे मिळू शकते, तिच्यासाठी कोणी चोवीस मिनिटे देत नाही. एवढ्यावर आम्ही थांबलो नाही. ते वाक्य मूळ ध्वनिमुद्रणात अकराव्या मिनिटाला होते, म्हणून संपादनात आम्ही ते भागाच्या अगदी आरंभी आणले आणि त्यानंतर शीर्षकसंगीत ठेवले. पोस्ट वाचून आलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या मिनिटात तोच विषय ऐकू आला पाहिजे. नाहीतर आपण चुकीच्या जागी आलो असे वाटून तो निघून जातो. दाराविषयीचे स्पष्टीकरण मात्र त्याच्या मूळ जागी राहू दिले. शेवटी पोस्ट अशी झाली :

```
लिफ्टचा दोर तुटेल, अशी भीती वाटते?
आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला
ती कधी वाटली नाही. तो घाबरत आला तो दाराला.
का, ते पहिल्या भागात.

ऐका (२४ मिनिटे) :
सर्व ॲप्स एका पानावर – …
Apple Podcasts – https://podcasts.apple.com/…?i=…
Spotify – https://open.spotify.com/episode/…
YouTube – https://youtu.be/…
```

सर्वांत वरची लिंक काकांच्या स्वतःच्या डोमेनवरील पानाची आहे, आणि हा आग्रह मी कधीच सोडत नाही. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झाले तेव्हा कित्येकांच्या जुन्या पोस्टमधील ती लिंक निकामी झाली, आणि प्रसृत झालेल्या पोस्ट एकेक करून दुरुस्त करणे कोणाला शक्य नव्हते. ज्यांची पहिली लिंक स्वतःच्या पानाची होती, त्यांना त्या पानावरील एक बटण काढावे लागले, इतकेच. शिवाय व्हॉट्सॲपवर संदेश पाठवताना चित्रासह जी चौकट दिसते, ती संदेशातील पहिल्या लिंकवरून तयार होते. पान आपले असेल तर त्या चौकटीतील चित्र आणि शीर्षकही आपण ठरवू शकतो. ती चौकट दिसेपर्यंत क्षणभर थांबूनच पाठवण्याचे बटण दाबावे, कारण घाईने पाठवलेल्या संदेशात नुसता पत्ता राहतो. इन्स्टाग्रामच्या मजकुरात लिंकवर टिचकी मारता येत नाही, म्हणून तेथे हीच एक लिंक बायोमध्ये ठेवावी आणि मजकुरात तसे सांगावे. चार निरुपयोगी पत्ते तेथे चिकटवू नयेत.

पोस्ट बाहेर जाण्यापूर्वीचे शेवटचे काम आमच्याकडच्या एका जुन्या फोनवर होते. या फोनवर कोणतेही खाते उघडलेले नाही, पॉडकास्टचे एकही ॲप नाही, आणि कोणी उघडायचेही नाही, असा नियम आहे. प्रत्येक लिंक त्यावर ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून पान लॉग-इनशिवाय दिसते का, आणि ते योग्य भागाचे आहे का, हे पाहिले जाते. त्या फोनची काच तडकलेली आहे आणि नवा घेण्याचे सल्ले मला अनेकांनी दिले आहेत, पण संस्थेतील कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा मला तो अधिक मोलाचा वाटतो.

काकांच्या पोस्टखालच्या प्रतिक्रियांमध्ये कुठे ऐकायचे असे कोणी विचारले नाही. लोक आपापल्या इमारतीतल्या दारांविषयी लिहीत होते, आणि दाराच्या कुलपाबद्दल काकांनी भागाच्या शेवटाकडे सांगितलेली खूण त्यात येत होती, म्हणजे त्यांनी तिथपर्यंत ऐकले होते. माझ्या मते हीच खरी परीक्षा आहे. पत्ते विचारले जात असतील, तर लिंक्स फसल्या आहेत. न ऐकताच लोक वाद घालत असतील, तर पहिल्या ओळीने उत्तर आधीच देऊन टाकले आहे.

पुढील वर्षे सुरळीत गेली. आज आमच्या करारपत्रात एक कलम आहे : ट्रेलर पंधरा दिवस आधी जाईल, घोषणेची पोस्ट आम्ही लिहू, आणि लिंक्सची चाचणी आमच्या फोनवर झाल्याशिवाय ती प्रसिद्ध होणार नाही. गेल्या हंगामात त्याच जुन्या मोठ्या ग्राहकाकडून नव्या पॉडकास्टसाठी विचारणा आली. त्यांना हे कलम वगळून हवे होते, म्हणून आम्ही ते काम घेतले नाही.