‘च्छा’ने सुरू होणारा शब्द सांगा

आत्याला रोजचं शब्दकोडं सोडवल्याशिवाय अंघोळ सुचत नाही. म्हणून तिच्या वाढदिवसाला केकचं चित्र पाठवण्यापेक्षा कोडंच पाठवायचं ठरवलं. तिच्या एकेका सवयीवर एकेक ओळ, प्रत्येक ओळीचं उत्तर एक शब्द, आणि त्या शब्दांची पहिली अक्षरं ओळीनं लावली की ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’. अक्षरं नऊ, म्हणजे सवयी नऊ. आत्याच्या सवयींचा तोटा नाही, त्यामुळे काम अर्ध्या तासाचं वाटलं होतं.

बरीचशी अक्षरं भराभर बसलीही. ‘वा’ला वाटी, पोचा आलेली, जिच्याशिवाय तिचं कुठलंच माप होत नाही. ‘व’ला हिशेबाची वही, ‘सा’ला साय. ‘शु’ला शुक्रवार, कारण त्या दिवशी ती आंबटाला शिवत नाही. ‘च्या’ तर आयता मिळाला, आमच्याकडे गावी चहाला च्याच म्हणतात. ‘भे’ची ओळ मला स्वतःला फार आवडली: ‘माझं शेपूट मोडून बघतेस, भाजीवाला ओरडतो, तरी पाव किलोच घेतेस.’

मग आला ‘ढ’. ढोकळा चालत नाही, त्याचं पहिलं अक्षर ‘ढो’. ढेकरही नाही, एक तर ‘ढे’ होतं आणि दुसरं म्हणजे वाढदिवसाला हे लिहायचं? निव्वळ ‘ढ’ हवा. ढग, ढब्बू मिरची... पण आत्याचा आणि ढब्बू मिरचीचा काय संबंध? ओळखीची सवय नसेल तर ते नुसतं कोडं होतं, तिचं कोडं होत नाही. शेवटी तिचा चहा आठवला. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून ती बिनसाखरेचा पिते, तरी कपात चमचा फिरवल्याशिवाय घोट घेत नाही. ‘विरघळायला काही नाही, तरी माझ्यावाचून तुझा कप ओठाला लागत नाही.’ उत्तर: ढवळणं.

एवढ्यात आतेभावाचा फोन. म्हणे, ‘हार्दिक’ घातलंच पाहिजे, नाहीतर कोरडं वाटतं. अरे बाबा, त्यात ‘र्दि’ येतो! रफार डोक्यावर घेऊन सुरू होणारा शब्द मराठीत आहे का एक तरी? ‘तू बघ ना काहीतरी,’ म्हणे. हार्दिक गेलं ते गेलंच. कुणी कितीही आग्रह केला तरी तुम्हीही काढून टाका.

पण खरा घोळ शेवटच्या अक्षराशी झाला. ‘च्छा’ने एकही शब्द सुरू होत नाही. शब्दकोश उघडून बसण्यात अर्थ नव्हता, हे जोडाक्षर शब्दाच्या पोटात किंवा शेवटीच सापडतं. ‘च’ आणि ‘छा’ अशा दोन ओळी करून पाहिल्या, चष्मा आणि छान. पण मग वाचताना ‘शुभेचछा’ होतं, आणि आत्या ती चूक लाल पेनानं दाखवणार. शुभेच्छांऐवजी आशीर्वाद म्हणावं, तर मी तिच्याहून लहान. ते एक अक्षर तयार छापून द्यावं, तर शब्दकोडं सोडवणाऱ्या माणसाचा तो अपमान. दोन संध्याकाळी यात गेल्या आणि जेवताना घरचे माझ्याशी बोलेनासे झाले.

सुटका तिच्याच तोंडच्या शब्दानं झाली. बस चुकली, दूध उतू गेलं, मॅच हरली, काहीही होवो, आत्या म्हणते, ‘देवाची इच्छा!’ इच्छाचं शेवटचं अक्षर ‘च्छा’. मग नियम फक्त तिथे उलटा केला: ‘सगळं बिघडलं की देवाच्या नावावर मला खपवतेस. माझं पहिलं अक्षर नको, शेवटचं घे.’ अपवाद अगदी शेवटच्या ओळीत असल्यानं गोंधळ होत नाही, तोवर आधीची आठ अक्षरं वाचून तिला अंदाज आलेला असतो. मधे कुठे असा अपवाद केलात तर मात्र सगळी साखळी तुटेल.

‘दि’ राहिलाच सांगायचा. तिथे आधी दिनदर्शिका होती, जिच्यावर ती दुधाचे खाडे लिहिते. पण आत्या तिला कॅलेंडर म्हणते, म्हणजे तिच्या कागदावर ‘कॅ’ आलं असतं. माणूस जो शब्द बोलतो तोच उत्तरात हवा. मग दिवा घेतला, जो लावताना ती पंखा बंद करून सगळ्यांना घामाघूम करते.

कोडं तिला एकटीलाच पाठवा. आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं असतं तर मोठ्या काकांनी तिच्या आधी उत्तर लिहून वर अंगठा दाखवला असता. आणि पहिल्याच ओळीत ‘काना-मात्रेसकट अक्षर घे, अनुस्वार सोड’ असं लिहा. मी ते लिहिलं होतं, म्हणून ‘वा’चा ‘व’ झाला नाही, आणि भेंडीच्या ‘भे’चा ‘भें’ही नाही.

दुपारी तिचा फोन आला. नऊच्या नऊ बरोबर. फक्त ढवळण्यावर तिचा आक्षेप होता: ‘मी कधी गं ढवळते?’