आमची वाटचाल: तसबीर भिंतीवरच, प्रत फ्रेमशिवाय

सोलापुरातलं आमचं दुकान वडिलांनी सुरू केलं ते फोटोफ्रेमचं. लाकडी पट्टी कापायची, काच बसवायची, मागे हार्डबोर्ड ठोकायचा. माझ्या काळात कॅमेरा आला, मोठा प्रिंटर आला, आणि आज आमचं बरंचसं काम जुन्या रंगवलेल्या तसबिरींच्या प्रती काढण्याचं आहे. भावाभावांची घरं वेगळी होतात, पण आजोबांचं तैलचित्र एकच असतं आणि ते प्रत्येकाला हवं असतं.

चित्र फ्रेममधून बाहेर काढायला वडील कधीच राजी नसत. काच टेकलेल्या जुन्या तैलचित्राचा रंग बऱ्याचदा काचेला धरलेला असतो, ओढलं की पापुद्रा काचेबरोबर निघतो. म्हणून आम्ही तसबिरीला हात न लावता भिंतीवरच फोटो घेतो आणि फ्रेम-भिंत नंतर फोटोशॉपच्या Perspective Crop Tool ने काढून टाकतो. २०१२ च्या CS6 पासून हे टूल वेगळं मिळतं.

साखर पेठेतल्या एका विणकर कुटुंबाचं काम सांगतो. माजघरात पणजोबांची तसबीर, काचेवर चंदनाचा हार. "काका, हार काढा, पण फोटो खाली उतरवू नका, आई ऐकणार नाही," असं धाकट्या मुलानं दारातच सांगितलं. समोरच खिडकी होती. सरळ उभं राहिलं की पणजोबांच्या पगडीवर खिडकीचा चौकोन चमकायचा. चमक जाईपर्यंत उजवीकडे सरकत गेलो, तेव्हा कॅमेरा साधारण २५ अंश तिरका झाला. एवढ्या तिरकेपणानं चित्राची रुंदी सुमारे ९ टक्के कमी दिसते आणि लांबची बाजू जवळच्या बाजूपेक्षा आखूड येते. क्रॉप नेमकं हेच सरळ करतो. पण खरी रुंदी किती, हे त्याला आपणच सांगावं लागतं.

म्हणून निघण्याआधी टेप लावायचा. फ्रेम बाहेरून २२ बाय २८ इंच होती, पट्टीच्या आत दिसणारं चित्र साडेसतरा बाय साडेतेवीस. फ्रेमचं माप क्रॉपच्या कामाचं नाही, आतलं माप हवं.

दुकानात आल्यावर आधी Camera Raw मध्ये लेन्सच्या Profile Corrections ला टिक करतो. लेन्समुळे पट्टीची कड किंचित फुगीर आलेली असते, आणि क्रॉपचं टूल चार कोपऱ्यांमध्ये सरळ रेघच धरतं. फुगवटा राहिला तर कोपरे बरोबर बसूनही मधे चित्राची बारीक कातळी कापली जाते. मग फोटो मोठा करून चारही कोपऱ्यांवर क्लिक करायचं.

इथे घाई चालत नाही. लाकडी पट्टी चित्राच्या अर्धा इंच पुढे आलेली असते. उजवीकडून फोटो घेतला की डावीकडे, वर आणि खाली पट्टीची आतली जाडी दिसते. ती कोपऱ्यात धरली तर प्रतीच्या कडेला तपकिरी पट्टा येतो, म्हणून कोपरा रंग जिथे सुरू होतो तिथे ठेवायचा. उजवीकडे उलट होतं, पट्टी चित्राचा जवळजवळ पाव इंच झाकून टाकते. तो भाग फोटोत आलेलाच नसतो, क्रॉप तो कुठून आणणार? म्हणून आम्ही W मध्ये १७.५ ऐवजी १७.२५ इंच भरले, H मध्ये २३.५, Resolution २००. खालच्या उजव्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असेल तर मात्र हा पाव इंच महागात पडतो. तेव्हा डावीकडून फोटो घ्यावा, किंवा खिडकीवर काळं कापड टाकून समोरूनच.

W आणि H रिकामे ठेवले तर फोटोशॉप प्रमाण स्वतःच्या अंदाजानं ठरवतं. असा क्रॉप आम्ही घरच्यांना शेजारी ठेवून दाखवला. आजी लगेच म्हणाल्या, "हे आमचे मामंजी नव्हेत, गाल बसलेत." मापं भरलेली प्रत बघितल्यावर त्यांनी पदर सावरून नमस्कार केला.

Resolution २०० चं कारण साधं आहे. आमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. उभ्या फोटोत लांबी ६००० पिक्सेल, त्यात फ्रेम आणि थोडी भिंत गेली की चित्राला ४७०० च्या आसपास उरतात, म्हणजे इंचाला २००. तिथे ३०० लिहिलं तर फाइल फुगते, बारकावा वाढत नाही. लांबची बाजू ताणली गेल्यामुळे तिकडचा जरीकाठ जरासा मऊ येतो. ते कमी व्हावं म्हणून कॅमेरा स्टँडवर लावून एफ/८ किंवा एफ/११ ठेवतो.

पट्टीची सावली मात्र क्रॉपनं जात नाही. डोक्यावरची ट्यूब सुरू असेल तर वरच्या कडेला बोटभर काळपट पट्टा पडतो. म्हणून ट्यूब बंद करायला सांगतो आणि दोन्ही बाजूंनी सारखा उजेड देतो. मूळ फाइल आम्ही कायम वेगळी जपतो, कारण क्रॉप करून सेव्ह केलेल्या फाइलमधून कापलेला भाग परत मिळत नाही.

पुण्या-मुंबईला गेलेले सोलापूरकर हल्ली व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात. त्यांना आमचं एवढंच सांगणं असतं: फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, चारही कोपरे येऊ द्या, आणि पट्टीच्या आतलं माप टेपनं घेऊन इंचात लिहा.