कलम ३१सी समजायला मला तीन आठवडे लागले, तो अनुभव

मी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून राज्यसेवेचा अभ्यास करते. गेल्या वर्षी टेस्ट सिरीजला राज्यघटनेच्या पेपरात प्रश्न आला होता, मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं यांच्यातला संघर्ष न्यायालयाने कसा सोडवला, १५ मार्क. मला वाटलं हा तर पाठ आहे. चंपकम, गोलकनाथ, केशवानंद, मिनर्व्हा, चारही केस वर्षासकट लिहिल्या, हक्क आणि तत्त्वं ही रथाची दोन चाकं हे पण लिहिलं, आणि पेपर परत आला तेव्हा ४ मार्क. शेजारी लाल पेनाने एकच ओळ होती, "३१सी आज काय म्हणतं?" खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. ३१सी म्हणजे काही मार्गदर्शक तत्त्वांसाठी केलेल्या कायद्याला कलम १४ आणि १९, म्हणजे समता आणि स्वातंत्र्याच्या हक्कांविरुद्ध कवच देणारं कलम. मी पेपरात सरळ लिहून टाकलं होतं की मिनर्व्हा मिल्समध्ये ३१सी रद्द झालं.

आमच्या अभ्यासिकेत एक ताई आहे, एलएलबी करून मग इकडे आलेली. तिला पेपर दाखवला तर तिने केसेसकडे बघितलंच नाही, पहिल्या परिच्छेदातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, मार्गदर्शक तत्त्वं न्यायप्रविष्ट नाहीत. ती म्हणाली, "अगं न्यायप्रविष्ट म्हणजे कोर्टात चालू असलेलं प्रकरण. तुला म्हणायचंय की कोर्टाकडून त्यांची अंमलबजावणी करून घेता येत नाही, मग तेच लिही की." क्लासच्या नोट्समध्ये सगळीकडे हाच शब्द असतो त्यामुळे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मग तिने मला कलम ३७ मोठ्याने वाचायला लावलं. तोपर्यंत मी त्याचा अर्धाच भाग लक्षात ठेवला होता, की कोर्ट ही तत्त्वं लागू करायला लावणार नाही. पुढचा अर्धा भाग म्हणतो की तरीही ती देशाच्या कारभारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे. म्हणजे माझा मूलभूत हक्क मोडला तर मी कलम ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टात जाऊ शकते, पण सरकारने कलम ४७ प्रमाणे पोषणाचा कायदा केला नाही म्हणून तो करा असा आदेश मला मागता येत नाही. मात्र सरकारने तसा कायदा एकदा केला, की मग कोर्टासमोर वेगळा प्रश्न येतो, हा कायदा कुणाचा हक्क मोडतोय का, आणि मोडत असेल तर मार्गदर्शक तत्त्वाचं कारण सांगून तो वाचतो का. सगळा वाद इथे आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

चंपकम दोराईराजनची केस मग परत वाचली. मद्रास सरकारचा आदेश होता की मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या दर १४ जागा समाजांप्रमाणे वाटायच्या, ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागास हिंदूंना, २ ब्राह्मणांना, अशा. सरकार म्हणालं की कलम ४६ आम्हाला दुर्बल घटकांचं शैक्षणिक हित बघायला सांगतं. कोर्टाने १९५१ मध्ये आदेश रद्द केला, कारण कलम २९(२) धर्म किंवा जातीच्या कारणावरून प्रवेश नाकारायला मनाई करतं आणि मार्गदर्शक तत्त्वं मूलभूत हक्कांपुढे दुय्यम आहेत. निकाल एप्रिलचा आणि जूनमध्ये तर पहिली घटनादुरुस्ती करून मागासांसाठी विशेष तरतुदीची मुभा देणारं १५(४) आणलंसुद्धा. मी पूर्वी हे दोन वेगळे मुद्दे म्हणून पाठ केले होते, पण ते सवाल-जवाब आहेत, कोर्ट म्हणालं हक्क वरचढ, संसदेने हक्काच्या कलमातच जागा करून घेतली.

आता ३१सी. मराठी प्रतीत ते ३१ग असं छापलेलं असतं, त्यामुळे इंग्रजी आणि मराठी दोन्ही पुस्तकं वापरणाऱ्यांचा घोळ होतो, माझाही झाला. ताईने मला घटनेच्या अधिकृत प्रतीतलं ते पान उघडायला लावलं आणि म्हणाली तळटीपा वाच. मी तळटीपा कधीच वाचत नसे. वरच्या मजकुरात चौकटी कंसात अजून लिहिलेलं आहे की भाग चारमधली सगळी किंवा कोणतीही तत्त्वं अमलात आणणारा कायदा कलम १४ किंवा १९ मोडतो म्हणून शून्य ठरणार नाही. नुसतं हे वाचणाऱ्याला वाटेल की सगळी मार्गदर्शक तत्त्वं समता आणि स्वातंत्र्याच्या वर आहेत. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय की हे शब्द आणणारं ४२ व्या दुरुस्तीचं ४ थं कलम मिनर्व्हा मिल्समध्ये अवैध ठरलं. म्हणजे जे छापलंय ते लागू नाही आणि जे लागू आहे ते तळटीपेत आहे.

मग मी एका कागदावर या कलमाचा प्रवास लिहून काढला. १९७१ च्या २५ व्या दुरुस्तीने ते आलं तेव्हा कवच फक्त ३९(बी) आणि ३९(सी) यांच्यापुरतं होतं. ३९(बी) म्हणजे समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हितासाठी वाटलं जावं, ३९(सी) म्हणजे संपत्ती मोजक्या हातांत एकवटू नये. पण त्याच कलमात आणखी एक वाक्य होतं, सरकारने कायद्यात नुसतं जाहीर केलं की हा त्या धोरणासाठी आहे, तर कोर्टाने ते तपासायचंच नाही. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंदमध्ये १३ न्यायमूर्तींनी ७ विरुद्ध ६ ने पहिला भाग ठेवला आणि हे दुसरं वाक्य काढून टाकलं. माझ्या मते या पूर्ण विषयातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि नोट्समध्ये तिला अर्धी ओळ मिळते. कवच राहिलं, पण कायदा खरंच ३९(बी) साठी आहे की फक्त तसं नाव लावलंय हे बघायचा अधिकार कोर्टाकडे राहिला.

१९७६ मध्ये ४२ व्या दुरुस्तीने कवच सगळ्या मार्गदर्शक तत्त्वांना दिलं. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्समध्ये ४ विरुद्ध १ ने ते गेलं. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड आपल्या पुण्यातच जन्मलेले, आयएलएसला कायदा शिकलेले. त्यांचं म्हणणं असं, की भाग चार, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वं, हे गाठायचं ठिकाण आहे आणि भाग तीन, म्हणजे मूलभूत हक्क, हा तिथे जाताना पाळायचा मार्ग, ठिकाण गाठायला मार्गच मोडला तर घटनेचा पाया असलेला तोल जातो. न्यायमूर्ती भगवती यांचं मत वेगळं होतं, ते म्हणाले कायद्याचा त्या तत्त्वाशी खरा संबंध आहे का हे कोर्ट तपासणारच आहे, मग धोका कसला. मला त्यांचा मुद्दा हलका वाटत नाही, पण प्रत्येक कायद्याला भाग चारमधलं काहीतरी चिकटवता येतंच, त्यामुळे बहुमताचं मला जास्त पटतं.

इथे मी अडकले. ४२ व्या दुरुस्तीने जुने शब्द काढून नवे घातले, नवे रद्द झाले, मग जुने आपोआप परत आले का ३१सी रिकामंच झालं? याचं उत्तर ५ नोव्हेंबर २०२४ ला मुंबईच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडून मिळालं आणि माझ्यासाठी ते घरचं निघालं, कारण माझी आत्या गिरगावात सेसच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहते. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये आठ-अ प्रकरण घातलं. उपकरप्राप्त इमारतीतल्या ७० टक्के भाडेकरूंनी सोसायटी करून अर्ज केला तर इमारत आणि जमीन संपादित करून सोसायटीला देता येते, आणि मालकाला मिळतात महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट पैसे. आत्याला विचारलं तर म्हणाली, "अगं आमचं जुनं भाडं दोनशेच्या आत आहे." मी हिशोब केला, भाडं १५० धरलं तर एका खोलीमागे मालकाला १५,००० रुपये, गिरगावात. मालक १४ आणि १९ घेऊन कोर्टात का गेले ते या आकड्यावरून लगेच कळतं. आणि कायद्यातच लिहिलंय की हे ३९(बी) साठी आहे.

मग मी हीच केस पायऱ्यांनी सोडवली. आधी बघायचं, ३१सी जिवंत आहे का. नऊही न्यायमूर्ती म्हणाले, हो, केशवानंदने ठेवलं तितकं. जुने शब्द काढणं आणि नवे घालणं ही एकच कृती होती, ती कृतीच अवैध ठरल्यावर जुने शब्द गेलेच नाहीत. मग बघायचं, खासगी इमारत ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती आहे का. इथे मतं फुटली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, म्हणजे मिनर्व्हावाल्यांचे चिरंजीव, यांनी सात जणांतर्फे लिहिलं की प्रत्येक खासगी मालमत्ता त्यात येत नाही, ती वस्तू कशी आहे, समाजाच्या भल्यावर तिचा काय परिणाम होतो, ती किती दुर्मीळ आहे, खासगी हातांत एकवटली तर काय होईल, हे बघून ठरवायचं. न्यायमूर्ती नागरत्ना अंशतः सहमत, न्यायमूर्ती धुलिया यांचं मत विरोधी. या पायरीवर मालमत्ता बसली आणि वाटपाचा हेतू खरा निघाला तर १४ आणि १९ चा हल्ला थांबतो. नाही बसली तर कवच नाही आणि कायद्याला १४, १९ च्या कसोटीवर स्वतःच उभं राहावं लागतं. शिवाय जगण्याच्या हक्काचं कलम २१ या कवचात कधीच नव्हतं, हे मी आता समासात मोठ्या अक्षरात लिहिते.

आत्याचा प्रश्न सरळ होता, "मग आमच्या सोसायटीचं काय?" तिला सांगितलं की नऊ जणांच्या पीठाने फक्त त्यांच्याकडे पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरं दिलीत, म्हाडाचं ते प्रकरण वैध की अवैध हे त्यांनी ठरवलेलं नाही. तिचा चेहरा पडला आणि मलाही वाईट वाटलं.

एक गोष्ट मात्र उत्तरात थोडक्यात लिहायची, सगळा तोल काही ३१सी मधूनच होत नाही. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन केसमध्ये कोर्टाने कलम ४५ च्या आधाराने कलम २१ वाचलं आणि १४ वर्षांपर्यंतचं शिक्षण हा हक्क मानला, मग २००२ मध्ये ८६ व्या दुरुस्तीने २१अ आलं. तिथे तत्त्व हक्काशी भांडत नाही, त्याच्या आत जातं.

तीन आठवड्यांनी तेच उत्तर परत लिहिलं. यावेळी चारऐवजी दोनच केस घेतल्या, केशवानंद आणि २०२४ ची, बाकीच्यांना एकेक ओळ. ताईने वाचलं, शेवटच्या ओळीपाशी थांबली. मी लिहिलं होतं, "३९(बी) खाली खासगी मालमत्ता येत नाही." तिने पेन घेतलं आणि "खासगी" च्या आधी "प्रत्येक" हा शब्द घातला, म्हणाली हा शब्द लिहायचा राहून गेला तर पूर्ण निकाल उलटा होतो.