गडद रंग म्हणजे लो स्पिन?

आमच्या रत्नागिरीकडच्या कॉलेजात टी.वाय.च्या प्रॅक्टिकलला विहिरीच्या पाण्यातलं लोह मोजायचा प्रयोग असतो. पाणी मुलं घरूनच आणतात. जांभ्याच्या जमिनीत लोहाला तोटा नाही. हायड्रॉक्सिलअमाइनने फेरिकचं फेरस करायचं, सोडियम अ‍ॅसिटेटने आम्लता सांभाळायची आणि फिनॅन्थ्रोलिन घालायचं. पाणी नारिंगी-लाल होतं, मग ५१० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं.

या वर्षीच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीला विचारलं, हा रंग एवढा गडद का? तिने न अडखळता सांगितलं, "सर, फिनॅन्थ्रोलिन स्ट्राँग लिगंड आहे. स्प्लिटिंग मोठं होतं, कॉम्प्लेक्स लो स्पिन होतं, म्हणून रंग गडद." परीक्षकांनी मान डोलावून पूर्ण गुण दिले. गाईडांमधून असंच उत्तर पाठ होतं, आणि विचारणाराही त्यावरच समाधान मानतो, याचा मला मनापासून राग येतो. लिगंड म्हणजे लोहाला चिकटलेले रेणू किंवा आयन. त्यांच्यामुळे लोहाच्या डी-कक्षा खालच्या आणि वरच्या पातळीत विभागतात, हेच स्प्लिटिंग. इलेक्ट्रॉन खालीच जोड्या लावून बसले तर लो स्पिन, वरही एकेकटे पसरले तर हाय स्पिन. तिचं निम्मं उत्तर अगदी बरोबर होतं. "म्हणून" या शब्दापुढचं चूक होतं.

परीक्षा संपल्यावर मी तिला थांबवून घेतलं आणि दोन बाटल्या समोर ठेवल्या. एक मोहर सॉल्टची, फिकट हिरवी. दुसरी पोटॅशियम फेरोसायनाइडची, फिकट पिवळी. दोन्हींत लोह +२ आहे, म्हणजे डी-कक्षेत सहाच इलेक्ट्रॉन. "यातलं लो स्पिन कोणतं?" तिने दोन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. "मॅडम, दोन्ही हाय स्पिन. गडद कुठलंच नाही."

मग वजनकाटा काढला. पॅनवर थर्मोकोलचा उंच ठोकळा, त्यावर निओडिमियमचं छोटं चुंबक. ठोकळा लागतोच, कारण चुंबक पॅनला टेकलं तर काट्याची आतली यंत्रणाच बिघडल्यासारखं दाखवते. काटा शून्य केला, आधी रिकामी नळी चुंबकावर धरून काचेचा परिणाम पाहून घेतला, मग मोहर सॉल्टची नळी तितक्याच उंचीवर आणली. आकडा सरळ उणे झाला, कारण मीठ चुंबकाला वर ओढत होतं. त्यात चार इलेक्ट्रॉन एकेकटे आहेत. फेरोसायनाइडला आकडा खाली गेला नाही, उलट किंचित वर सरकला. तिथे सहाही इलेक्ट्रॉन जोडीत आहेत. फिकट पिवळं असूनही लो स्पिन हेच.

तिचा प्रश्न लगेच आला: मग ते गडद का नाही? आता फळ्याकडे वळावं लागलं. फेरस आयनात इलेक्ट्रॉनांची जोडी लावायला साधारण १७,६०० सेंमी⁻¹ इतकी ऊर्जा लागते. पाण्याच्या सहा रेणूंनी होणारं विभाजन १०,४०० च्या आसपास, म्हणजे जोडी लावण्यापेक्षा वरच्या पातळीत जाऊन बसणं स्वस्त पडतं. सायनाइडचं विभाजन ३०,००० च्याही वर, तिथे खालीच जोड्या लागतात. स्पिन ठरतं ते या तुलनेवर. रंगाचा हिशेब वेगळा. खालच्या पातळीतून वरच्या पातळीत उडी मारताना, म्हणजे डी-डी उडीत, इलेक्ट्रॉन कोणता प्रकाश शोषतो त्यावर तो ठरतो. १०,४०० सेंमी⁻¹ म्हणजे सुमारे ९६० नॅनोमीटर, अवरक्त. तो शोषणाचा पट्टा लाल प्रकाशाचं जेमतेम टोक खातो, म्हणून फिकट हिरवा. सायनाइडचा पट्टा ३२० च्या आसपास, अतिनील. त्याची फक्त शेपटी निळ्या-जांभळ्यात येते, म्हणून पिवळसर. शिवाय अष्टफलकीय कॉम्प्लेक्समध्ये डी-डी उडी मुळात निषिद्ध, त्यामुळे ती प्रकाश शोषते तेही क्षीणपणे.

आणि फिनॅन्थ्रोलिनचा लाल? तेही लो स्पिनच आहे, पण ५१० ला त्याचा मोलर शोषणांक ११,००० च्या घरात जातो. अशा कॉम्प्लेक्सांतली डी-डी उडी क्वचितच शंभरापलीकडे पोचते. इतकं शोषण दिसलं की समजायचं, इलेक्ट्रॉन लोहातल्या लोहात फिरत नाही, तो लोहावरून लिगंडच्या रिकाम्या कक्षेत जातो आहे. याला चार्ज ट्रान्सफर म्हणतात. लोहाच्या क्षीण डी-डी उड्या या दांडग्या पट्ट्याखाली दबून जातात. म्हणजे विहिरीच्या पाण्यात आपण जो रंग मोजतो, त्यात क्रिस्टल फिल्ड स्प्लिटिंग डोळ्यांना दिसतच नाही.

ती बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली. "मॅडम, मग रंगावरून स्पिन कधीच कळत नाही?"

कळतं, पण लिगंड तेच राहून फक्त स्पिन बदललं तर. ट्रायअझोलच्या काही लोह कॉम्प्लेक्सांत विभाजन आणि जोडीची ऊर्जा इतकी जवळजवळ असतात की नुसत्या तापमानाने पारडं फिरतं. थंड असताना लो स्पिन, जांभळट गुलाबी. तापवलं की हाय स्पिन, पांढरं. तिथे लो स्पिनचा डी-डी पट्टा दृश्य प्रकाशातच पडतो आणि तापवल्यावर अवरक्तात निसटतो.

गुणपत्रिकेत तिचे गुण पूर्णच गेले, मी हात लावला नाही. पण पुढच्या बॅचला हा प्रश्न विचारताना टेबलावर फेरोसायनाइडची बाटली आधीपासून असेल, आणि वजनकाटाही.