वहिवाटीची वाट अडवली तेव्हा दिलेली नोटीस: माझा अनुभव

आमच्या शेताकडे जाणारी वाट शेजाऱ्याच्या गटातून, पश्चिमेच्या बांधालगत जाते. शिवाररस्त्यापासून आमच्या बांधापर्यंत ती ३१० फूट लांब आणि ९ फूट रुंद आहे. १४ जून २०२४ रोजी शेजाऱ्याने तोंडाशीच अडीच फूट खोल चर खणला आणि पलीकडे तारेचं कुंपण घातलं. पेरणी तोंडावर आली होती. तेव्हा पहिली इच्छा होते ती जेसीबी बोलावून चर बुजवायची. ते करू नये. सुविधाधिकार अधिनियम १८८२ चं कलम ३६ स्पष्ट सांगतं की अडथळा आपल्या हातांनी काढायचा नाही. तसा काढला तर उलट आपल्यावरच तक्रार होते.

नोटिशीचा पहिला मसुदा मी स्वतः केला आणि त्यात दोन वाक्यं अशी होती की प्रकरण तिथेच मेलं असतं. एक, ‘सदर रस्ता आमच्या मालकीचा आहे’. दुसरं, ‘तुमच्या वडिलांनी आम्हाला जाऊ दिलं होतं’. वकिलांनी दोन्ही खोडली. कलम १५ खालचा वहिवाटीचा हक्क हा दुसऱ्याच्या जमिनीवरचा हक्क असतो. जमीन आपलीच म्हटली की तो उरत नाही, म्हणून जमीन शेजाऱ्याची आहे हे नोटिशीत मोकळेपणाने लिहायचं. आणि ‘जाऊ दिलं’ म्हणजे परवानगी. परवानगीने चाललेली वाट कितीही जुनी असली तरी हक्क होत नाही, कारण वापर ‘हक्काने’ झालेला असावा लागतो. अर्थात जे खरं असेल तेच लिहायचं. आमच्याकडे कोणी कधी विचारलं नव्हतं आणि कोणी परवानगी दिलीही नव्हती. सौजन्य म्हणून लिहिलेल्या त्या वाक्याला मात्र परवानगीचा अर्थ आला असता.

शेवटी गेलेला मुख्य परिच्छेद साधारण असा होता: ‘तुमच्या मालकीच्या गटातून, पश्चिम बांधालगत दक्षिणोत्तर, ९ फूट रुंद व ३१० फूट लांबीच्या वाटेने माझे अशील व त्यांचे पूर्वज सन १९९१ पासून १४ जून २०२४ पर्यंत, पायी, बैलगाडी व ट्रॅक्टरने, उघडपणे, शांततेने, विनाखंड आणि हक्काने वहिवाट करत आले आहेत. ही वहिवाट कोणाच्याही परवानगीने नव्हती.’ यातले ‘उघडपणे, शांततेने, विनाखंड आणि हक्काने’ हे शब्द कलम १५ मधून आलेले आहेत. वीस वर्षं पुरेशी असतात. सरकारी जमीन असती तर तीस लागली असती. वाहनांची नावं मुद्दाम घातली, कारण जेवढा वापर होता तेवढाच हक्क मिळतो. फक्त पायवाट असेल तर ट्रॅक्टर लिहू नये. उलटतपासणीत ते फिरतं.

१९९१ हे साल विहिरीच्या वीजजोडणीवरून घेतलं. साखर कारखान्याच्या तोडणीच्या चिठ्ठ्याही होत्या, पण त्यांतून ऊस निघाला एवढंच कळतं, कुठल्या वाटेने निघाला ते नाही. ते सांगायला गाडी हाकणारा माणूस लागतो. असे दोन जण आधी शोधून ठेवले. सातबाऱ्यात ‘इतर हक्क’ रकान्यात वाट नव्हती आणि गट नकाशावरही नव्हती, पण तेवढ्याने दावा पडत नाही.

नोटीस २ जुलैला पोचपावतीसह पोस्टाने गेली, १५ दिवसांची मुदत देऊन. पहिलं पाकीट ‘घेण्यास नकार’ शेरा मारून परत आलं. ते फोडलं नाही, तसंच बंद ठेवलं. पत्ता बरोबर असेल तर नकार म्हणजे बजावणी झाली असं न्यायालय धरू शकतं. खासगी माणसाला दावा लावण्याआधी नोटीस देणं बंधनकारक नाही, तरी आपण अडथळा निमूट मान्य केला नाही याचा पुरावा म्हणून ती मोलाची. अडथळा कळल्यापासून वर्षभर आपण तो सोसला तर कायद्याच्या दृष्टीने वहिवाट खंडित झाली असं धरलं जातं. शिवाय वीस वर्षांचा तो काळ दाव्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला असावा लागतो. नोटिशीने यातली कुठलीच मुदत थांबत नाही.

पुन्हा पाठवलेल्या दुसऱ्या प्रतीला उत्तर आलं: ‘तुम्हाला पूर्वेकडून दुसरी वाट आहे.’ हे वाचून घाबरायला होतं, पण पर्यायी वाट हा, दुसरा मार्गच नाही म्हणून मागितलेल्या गरजेच्या वाटेवरचा बचाव आहे, वहिवाटीच्या हक्कावरचा नाही. म्हणूनच नोटिशीत गरज आणि वहिवाट एका वाक्यात कालवायची नाही. गरजेचं म्हणणं मांडायचं असेल तर वेगळ्या परिच्छेदात, पर्यायी म्हणून मांडावं.

मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ चा अर्ज अडथळ्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. आमची मुदत डिसेंबरच्या मध्याला संपत होती. तो ९ सप्टेंबरला तहसीलदारांकडे दिला. स्थळपाहणीत चराच्या पलीकडे चाकोऱ्यांचे दोन खोल पट्टे अजून दिसत होते. ते पंचनाम्यात मापासह लिहून घेतले आणि अडथळा काढण्याचा आदेश झाला. पण तहसीलदार वाट मोकळी करतात, हक्क कायमचा ठरवत नाहीत. म्हणून हक्क जाहीर करून मिळण्याचा आणि कायम मनाईचा दावा दिवाणी न्यायालयात वेगळा लावला. त्यातलं वाटेचं वर्णन नोटिशीतलंच, शब्दाला शब्द, ठेवलं आहे. माप किंवा साल बदललं असतं, तर समोरच्या वकिलांनी पहिला प्रश्न त्यावरच विचारला असता.