पोस्ट डिलीट केली, पण पाणी बंदच राहिलं

मंगळवारी रात्री सोसायटीच्या बोर्डवरची नोटीस दिसली: गुरुवारी पाणी बंद. मी फोटो काढून X वर टाकला, 'कोथरूडकरांनो, टाक्या भरा.' सकाळपर्यंत नऊशे रिपोस्ट आणि साठेक कोट, म्हणजे माझी पोस्ट खाली जोडून वर स्वतःचं वाक्य लिहिलेले. तेवढ्यात सेक्रेटरी काकांचा फोन आला, "अगं, ती मागच्या वर्षीची नोटीस आहे! काढायची राहून गेली."

मी लगेच खाली रिप्लाय लिहिला, 'नोटीस जुनी आहे, पाणी येणार आहे.' अर्ध्या तासाने घाबरून मूळ पोस्टच उडवली. चूक झाली ती इथे.

नुसते रिपोस्ट होते ते सगळे गायब झाले. रिपोस्ट म्हणजे मूळ पोस्टकडे दाखवलेलं बोट, मूळ गेलं की तेही जातं. कोट मात्र ज्याचा त्याचा स्वतंत्र पोस्ट असतो. 'पुन्हा पाणी बंद! ड्रम भरून ठेवा' ही वाक्यं जागेवरच होती, फक्त खालच्या चौकटीत मूळ पोस्ट काढून टाकल्याची सूचना आली. म्हणजे घबराट शिल्लक आणि फोटो गेला. नोटिशीवरची तारीख कोणी नीट बघितली असती, तर तीही सोय मीच काढून घेतली होती. माझी दुरुस्तीही शिल्लक होती, पण लोंबकळत. वर डिलीट झालेली पोस्ट, खाली 'नोटीस जुनी आहे.' कुठली नोटीस, कळायला मार्ग नाही.

कोट करणाऱ्यांना मी नोटिफिकेशनमधून शोधून एकेक मेसेज टाकला. निम्म्यांनी काढलं. बाकीच्यांचं मला काढता येत नाही, आणि नियम मोडलेला नसल्याने रिपोर्ट करूनही उपयोग नव्हता.

पुढच्या बुधवारी सिंहगड रोडच्या मावशीने व्हॉट्सॲपवर माझीच पोस्ट मला पाठवली. स्क्रीनशॉट होता, टाइमलाइनवरून घेतलेला. नावापुढे '2h'. पोस्ट उघडून काढला असता तर तारीख आली असती. टाइमलाइनवर ताज्या पोस्टला फक्त किती वेळ झाला ते दिसतं, आणि चित्रात ते दोन तास कायम दोनच राहतात. शिवाय कोणीतरी तो नव्याने अपलोड केलेला, त्यामुळे 'बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालेलं' अशी खूणही नाही. ताजी बातमीच!

मग उलटा उपाय केला. तोच स्क्रीनशॉट घेतला, त्यावर आडवं लाल 'जुनी नोटीस, पाणी येणार' लिहिलं आणि नवी पोस्ट म्हणून टाकलं. लिहिलं चित्रावरच, वरच्या मजकुरात नाही. कारण फिरतं ते चित्र, मजकूर मागे राहतो. मावशीच्या ग्रुपवरही तेच टाकायला दिलं.

तिने टाकलं. तासाभराने फोन, "टाकलं गं. पण मी दोन ड्रम भरून ठेवलेत, असू देत."